कच्चं अंडं-दूध प्यायलं की पोट बिघडतं, शिजवायला गेलं की फाटतं: नेमकं कुठं चुकतंय?

प्रॉब्लेम असा आहे. तालमीतली आणि जिममधली पोरं पहाटेचा व्यायाम झाला की तीन-चार अंडी फोडतात, वरून दूध, साखर नायतर केळं, मिक्सरला एक फिरकी आणि घटाघट. बरेच दिवस काही होत नाही, मग एक दिवस पोट असं बिघडतं की आठवडाभर व्यायाम बंद. घरचे म्हणतात उन्हाळ्याची उष्णता झाली, सब्जा पी, बरं वाटलं की गडी परत तेच सुरू करतो. आणि कुणी शहाणा म्हणालाच की बाबा शिजवून घेऊ, तर पातेल्यात दुधाऐवजी पातळ भुर्जी तयार होते, ती सिंकमध्ये जाते, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कच्चं.

ह्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, तापमान. अंड्यातले जंतू मरायला अंडं-दुधाचं मिश्रण ७१ अंशांपर्यंत जावं लागतं, आणि साखर घातलेलं तेच मिश्रण साधारण ८३-८५ च्या पुढं गेलं की फाटतं. मधे बारा-चौदा अंशांची जागा आहे, तिथं थांबायचं. बाकी सगळं त्याच्या भोवतीचं.

आधी खात्री करा की दोष अंड्याचाच आहे. हे वेळेवरून बऱ्यापैकी कळतं. पिऊन अर्ध्या-एक तासात पोट फुगलं, गॅस झाला, एखादी पातळ झाली, पण ताप नाही आणि संध्याकाळी माणूस ठीक, तर बहुतेक दूध पचत नाहीय, अंड्याचा संबंध नाही. दोन-चार तासांत उलट्याच उलट्या सुरू झाल्या तर काहीतरी बाहेर राहून खराब झालेलं पोटात गेलंय, ते दूधही असू शकतं. पण पिऊन अर्धा दिवस ते तीन दिवस गेले आणि मग मुरडा, जुलाब आणि सोबत ताप, तर संशय अंड्यातल्या साल्मोनेला नावाच्या जंतूवर घ्यायचा. ह्या उशिरामुळंच अंडं सुटतं बघा, कारण माणूस आठवतो कालचं जेवण, गाडीवरचं चायनीज, आणि परवा पहाटेचा ग्लास कुणाच्या डोक्यातच येत नाही.

माझ्या भाच्याचं असंच झालं. मे महिना, अंड्यांचा ट्रे स्वयंपाकघराच्या खिडकीत, पश्चिमेची खिडकी, सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. रविवारी पहाटे चार अंडी दुधात मारून प्यायला, सोमवारी रात्री मुरडा, मंगळवारी ताप १०२, शनिवारपर्यंत अंथरुणात. मी विचारलं तर म्हणतो, "काय नाय ओ मामा, सगळी तालीम पितीय, कुणाला काय झालंय?" मजा म्हणजे बुधवारी त्याची आजीपण झोपली, आणि आजी तर अंड्याला हात लावत नाही. मग मिक्सरचं भांडं उघडून बघितलं. पात्याच्या खाली रबराची रिंग असते ना, ती काढली तर आत पिवळट चिकट थर. पोरगा भांडं नळाखाली विसळून ठेवायचा आणि त्याच भांड्यात दुपारी आजीचं ताक घुसळलं जायचं. लॅबमध्ये काही तपासलं नाही, त्यामुळं शंभर टक्के अंडंच असं मी म्हणणार नाही, पण वेळ, ताप आणि ते भांडं, तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवतात. त्यामुळं घरात अंडं न खाणारा माणूस आजारी पडला म्हणून अंडं निर्दोष सुटत नाही.

आता "सगळी तालीम पितीय" ह्याचं उत्तर. बहुतेक अंड्यांत जंतू नसतोच, म्हणून बहुतेक सकाळी काही होत नाही, ह्यात खोटं काही नाही. पण काही कोंबड्यांच्या अंडाशयातच साल्मोनेला असतो, मग टरफल तयार व्हायच्या आधीच तो आत शिरलेला असतो. असं अंडं दिसायला स्वच्छ, फोडल्यावर वास नाही, पाण्यात टाकलं तर तळाला बसणार. पाण्याची टेस्ट अंडं जुनं का ताजं एवढंच सांगते. सुरवातीला आत जंतू थोडे असतात, आणि पांढरा भाग त्यांना फारसं वाढू देत नाही. पण अंडं उकाड्यात पडून राहिलं की बलकाभोवतीचा पातळ पडदा कमजोर होतो, जंतूला बलकातलं खाद्य मिळतं आणि तो भराभर वाढतो. म्हणून तीच सवय थंडीत, सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत खपून जाते आणि एप्रिल-मेमध्ये नडते. अंडी फ्रीजमध्ये ठेवा, तडकलेलं अंडं कशालाच कच्चं वापरू नका. आणून लगेच धुवू पण नका, ओल्या टरफलाच्या बारीक छिद्रांतून बाहेरची घाण आत ओढली जाऊ शकते. घाण लागली असेल तर कोरड्या कपड्यानं पुसा.

आता लोक जे उपाय सांगतात ते. गावरान अंडं घ्या म्हणतात. चव चांगली असेल, पण गावरान कोंबडीलाही साल्मोनेला होतो. लिंबू पिळा, थोडी रम टाका म्हणतात. एका ग्लासात माणूस पिऊ शकेल एवढ्या लिंबानं किंवा दारूनं, तेही दोन मिनिटांत, जंतू मरतील ह्याचा भरवसा नाही. परदेशात कच्च्या अंड्याचा एगनॉग भरपूर दारू घालून काही आठवडे फ्रीजमध्ये मुरवतात, तिथं जंतू मरतात हे खरं, पण ती वेगळी गोष्ट, आपल्या पहाटेच्या ग्लासाशी तिचा काही संबंध नाही.

सगळ्यात जास्त चालणारा उपाय म्हणजे "उकळतं दूध ओत, शिजतंय की". ह्याचा हिशोब करून बघू. दूध उकळलं तरी गॅसवरून उतरवून ग्लासात ओतेपर्यंत ८५ च्या आसपास येतं. २०० मिली दूध ८५ अंशांवर आणि एक अंडं, अंदाजे ५० ग्रॅम, ३० अंशांवर. दोन्हींची सरासरी काढली तर साधारण ७४ येते, म्हणजे पास झालो असं वाटतं. पण अंडं फ्रीजमधलं, ५ अंशांवरचं असेल तर ६९. दोन अंडी असतील, बाहेरची असली तरी, ६७. चार अंडी टाकली तर ५८, आणि ह्यात स्टीलचा ग्लास आणि साखर जी उष्णता खातात ती धरलेलीच नाही. शिवाय गरम दूध जिथं पडतं तिथलं अंडं लगेच गोठतं आणि बाकीचं कच्चंच राहतं. म्हणजे गुठळ्याही खायच्या आणि जंतूही प्यायचे. हाफ बॉइल करून टाकलं तरी तेच, बलक वाहतोय म्हणजे तो ७१ पर्यंत गेलेला नाही.

आणि ज्यासाठी हा खटाटोप, ते प्रोटीन. कच्च्यात ताकद जास्त असं आपल्याकडं पक्कं बसलंय, पण उलटं आहे. बेल्जियममध्ये १९९८ साली मोजून बघितलं होतं, माणसं थोडी होती, पण शिजलेल्या अंड्याचं प्रोटीन आतड्यात ९१ टक्के पचलं आणि कच्च्याचं ५१ टक्के. कच्च्या पांढऱ्यात प्रोटीन पचवणाऱ्या रसाला अडवणारे पदार्थ असतात, शिवाय बायोटिन नावाच्या व्हिटॅमिनला धरून ठेवणारं अ‍ॅव्हिडिन असतं, ते शिजवल्यावर निकामी होतं. म्हणजे वस्तादांना सांगायचं असेल तर असं सांगा, चार कच्च्यांतून जेवढं अंगी लागतं ते दोन-अडीच शिजलेल्यांतून लागतं. हे ऐकून माझा भाचा पहिल्यांदा गप्प बसला.

आता करायचं कसं. दोन मोठ्या ग्लासांचं माप सांगतो. अर्धा लिटर दूध, तीन अंडी, चार चमचे साखर (पोह्याचे चमचे नाही, मोठे), चिमूटभर मीठ, दोन वेलदोडे. दूध आधी सगळं तापवून घ्या, पिशवीचं असलं तरी, आणि त्यातलं अर्धं बाजूला काढून फ्रीजमध्ये गार करायला ठेवा. ह्या गार दुधाचं काम शेवटी आहे.

जाड बुडाच्या पातेल्यात अंडी फोडा, साखर आणि मीठ टाकून लगेच फेटा. लगेच म्हणजे लगेच, बलकावर साखर नुसती टाकून फोन घ्यायला गेलात तर साखर बलकातलं पाणी ओढते आणि पिवळे कडक कण होतात, ते नंतर विरघळत नाहीत. फेस यायची गरज नाही, पांढऱ्याचे दोरे दिसायचे बंद झाले की बस. मग उरलेलं अर्धं दूध कडेला बुडबुडे येईपर्यंत गरम करा आणि एकेक पळी अंड्यात ओतत फेटत राहा. पहिल्या दोन-तीन पळ्या जपून, अंडं एकदा कोमट झालं की मग उरलेलं धारेनं ओतलं तरी चालतं.

आता हे पातेलं बारीक गॅसवर. लाकडी उलथनं किंवा सपाट चमचा घ्या, गोल पळी नको, कारण फाटायला सुरवात बुडाला आणि कोपऱ्यात होते आणि गोल पळी कोपऱ्यात पोचतच नाही. सतत बूड खरवडत हलवायचं. सुरवातीची काही मिनिटं वाटेल काहीच होत नाहीय, आणि इथंच माणूस कंटाळून गॅस मोठा करतो. करू नका. साधारण सात-आठ मिनिटांत वरचा बारीक फेस विरायला लागतो, वाफ दाट होते, उलथनं जरा जड फिरायला लागतं. किचन थर्मामीटर असेल तर मधोमध धरा, बुडाला टेकवू नका, ७५ ते ७८ दिसलं की उतरवा. थर्मामीटर नसेल तर उलथनं उचलून पाठीमागं बोटानं रेघ ओढा, रेघेच्या दोन्ही कडा जागेवर राहिल्या, वरचं मिश्रण ओघळून रेघेत आलं नाही, की झालं. पण घरात गरोदर बाई, लहान लेकरू, म्हातारं माणूस किंवा शुगरचा पेशंट पिणार असेल तर रेघेवर भागवू नका, थर्मामीटर घ्याच, ऑनलाइन साधा मिळतो.

उतरवल्या उतरवल्या ते गार ठेवलेलं दूध ओता आणि हलवा. पातेलं गॅसवरून काढलं तरी जाड बुडाच्या उष्णतेनं शिजणं चालूच राहतं, आणि बऱ्याच जणांचं इथंच फाटतं, "गॅसवर तर नीट होतं ओ, खाली ठेवल्यावर फाटलं" ही तक्रार त्याचीच. मग गाळणीतून गाळा, वेलदोड्याची पूड टाका.

एवढं करूनही बिघडतं तेव्हा काय बघायचं. वर पातळ पांढरे पापुद्रे दिसले तर घाबरू नका, म्हशीचं दूध असेल तर ती साय आहे, बोटात धरली तर तुपकट आणि मऊ लागते. अंड्याची गुठळी दाण्यासारखी, रबरी लागते आणि खाली पिवळसर पाणी सुटतं. गुठळ्या नुकत्या दिसायला लागल्या असतील तर पातेलं ताबडतोब गार पाण्याच्या परातीत ठेवा, दोन-तीन चमचे गार दूध टाका, कोमट झाल्यावर मिक्सरला फिरवा आणि गाळा. गरम असताना मिक्सरला लावू नका, वाफेनं झाकण उडतं आणि हात भाजतो. गॅसवर सगळं मिश्रण दाट झाल्यावर फाटलेलं हे जास्त शिजलेलं असतं, कमी नाही, त्यामुळं पिण्यात धोका नाही, फक्त तोंडाला खरखरतं. सिंकमध्ये ओतू नका.

अंड्याचा वास येतोय ही दुसरी कायमची तक्रार. तो पांढरा भाग जास्त तापल्यावर सुटणारा गंधकाचा वास असतो, वेलदोडा वाढवून जात नाही. गॅस अजून बारीक करा, नाहीतर पातेलं थेट गॅसवर न ठेवता खालच्या पातेल्यात पाणी गरम करून त्याच्या वाफेवर ठेवा, वेळ जास्त जातो पण फाटायची आणि वासाची दोन्ही भानगड कमी होते. ज्यांना वास अजिबात चालत नाही त्यांनी एक आख्खं अंडं आणि तीन बलक घ्यावेत, उरलेल्या पांढऱ्याची भुर्जी. बलक जास्त म्हणजे प्रोटीन थोडं कमी, पण पिणाऱ्याच्या नाकाचा पण विचार करायला पाहिजे.

गुळाचं एक सांगायचं राहिलं. साखरेऐवजी गूळ घालायची आता फॅशन आहे, पण गरम दुधात गूळ टाकला की बऱ्याचदा दूधच फाटतं आणि शिव्या अंड्याला बसतात. शिजवताना साखर थोडी घाला, ती अंड्याला फाटण्यापासून थोडं सांभाळतेसुद्धा, आणि गूळ हवाच असेल तर सगळं गार झाल्यावर विरघळवून घाला. लिंबू-संत्र्याचंही तेच, आंबट काही गरम असताना नको.

काही जण कॉर्नफ्लॉवर टाकून फाटणं टाळतात. चालतं, एक चमचा पुरतो, पण मग नियम बदलतो. कॉर्नफ्लॉवर असेल तर मिश्रण हलवत हलवत एक मिनिट चांगलं खदखदवावं लागतं, कारण बलकात पिठाचा दाटपणा मोडणारं एन्झाइम असतं आणि ते ७५-७८ ला जिवंत राहतं, मग रात्री दाट झालेलं सकाळी पाण्यासारखं पातळ सापडतं. स्टार्च असल्यावर उकळी आली तरी अंडं सहसा फाटत नाही. आणि बाजारातली कस्टर्ड पावडर म्हणजे मुळात कॉर्नफ्लॉवर, रंग आणि वास, त्यात अंडं नसतं, तेव्हा पावडर घालून अंडं घातल्याचं समाधान मानू नका.

गार करणं हा शेवटचा भाग आणि सोलापुरात हाच सगळ्यात नाजूक. शिजवून जंतू मारले म्हणजे काम संपलं असं नाही, नंतर चमच्यातून, भांड्यातून, हातातून दुसरे येतातच, आणि ४०-४२ च्या हवेत दूध-साखर-अंडं म्हणजे त्यांची जत्रा. एरवी दोन तास बाहेर चालतं म्हणतात, पण हवा ३२ च्या पुढं असेल तर एकच तास. त्यामुळं पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून हलवत गार करा, झाकण असलेल्या बाटलीत भरा आणि फ्रीजच्या दारात नाही तर आतल्या बाजूला ठेवा. दोन दिवसांत संपवा. लाइट जाऊन फ्रीज तीन-चार तास बंद राहिला आणि बाटली हाताला गार लागत नसेल तर टाकून द्या, पुन्हा गरम करून वाचवायला जाऊ नका, काही जंतूंचं विष उकळूनही जात नाही. तालमीत न्यायचं असेल तर थर्मासात बर्फ टाकून न्या. आणि मिक्सरची ती रबरी रिंग काढून गरम पाणी आणि साबणानं धुवायची, रोज.

ज्यांना दुधाची दाट चव नकोच, त्यांनी सरळ तीन अंडी दहा-बारा मिनिटं उकडून खावीत आणि वर दूध प्यावं, ह्याला काही चॅलेंज नाही, भाचा आता बहुतेक दिवस तेच करतो आणि शिजवलेलं अंडं-दूध रविवारी.

फेसाचं काय, असं विचारणारे पण असतात, कॉफीवर किंवा कॉकटेलवर कच्च्या अंड्याचा फेस असतो तसा. हनोईची अंडा-कॉफी मूळची कच्च्या बलकाची, बलक आणि कंडेन्स्ड मिल्क फेटून वर घालतात. घरी करताना तेच मिश्रण वाफेवरच्या भांड्यात फेटत ७१ च्या वर न्या, मग उतरवून गार होईपर्यंत फेटा, फेस चांगला धरतो. पांढऱ्याचा फेस हवा असेल तर एका पांढऱ्याला दोन मोठे चमचे साखर घालून तसंच वाफेवर फेटायचं, साखर कमी केली तर ७१ च्या आधीच गुठळ्या होतात. आणि कॉकटेलवाल्यांना अंडंच टाळायचं असेल तर काबुली चणे उकडलेलं पाणी आटवून घट्ट करा, गार झाल्यावर शेकरमध्ये दोन-तीन चमचे टाकून जोरात हलवा. फेस येतो, चण्याचा वास लिंबात दबतो.